उकाड्यातलं हेल्मेट : फुल फेस घ्यावं की ओपन फेस?



ऑक्टोबरचा महिना, दुपारी साडेबाराची वेळ. शाळा सुटते, आपण स्कूटरची किल्ली काढतो आणि हेल्मेट हातात घेतल्यावर पहिला विचार येतो तो हाच, की 'आता हे डोक्यात घालायचं?' मुंबई, ठाणे, पनवेल, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या सगळ्या किनारपट्टीवर रोज दुचाकीने शाळेत जाणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी दोनदा तो निघतो, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा ऑक्टोबरमध्ये. कोणी म्हणतं, "ओपन फेस घ्या, तोंडाला वारा तरी लागतो." कोणी म्हणतं, "घ्यायचं तर फुल फेसच." शेवटी ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो आणि मधली सुट्टी संपते.

आज हा प्रश्न जरा शांतपणे, एखाद्या धड्यासारखा पाहू. उकाडा हेल्मेटमध्ये नेमका कुठून येतो, ओपन फेस घेतल्याने त्यातला किती कमी होतो आणि त्या बदल्यात आपण काय सोडून देतो, हे एकदा कळलं की निर्णय अवघड राहत नाही.

आधी शब्द नीट समजून घेऊ

फुल फेस म्हणजे डोकं, कान, गाल आणि हनुवटी झाकणारं हेल्मेट. समोर हनुवटीच्या पुढून एक घट्ट कमान जाते. तिला आपण हनुवटीची पट्टी म्हणू. ओपन फेस म्हणजे डोकं, कान आणि डोक्याची मागची बाजू झाकणारं, पण हनुवटीची पट्टी नसलेलं. त्याला पुढे काच असू शकते. काच आहे म्हणून ते फुल फेस होत नाही. काच धूळ आणि किडे अडवते, रस्ता नाही.

तिसरा एक प्रकार रस्त्याकडेला टांगलेला दिसतो. कानाच्या वरच संपणारी, वाटीसारखी टोपी. तिची या लेखात तुलनाच करणार नाही, कारण कानशील आणि डोक्याची मागची बाजू तिच्यात उघडी राहते. पोलिसांना दाखवायला म्हणून ती घेतली जाते, आणि ती तेवढ्याच कामाची आहे.

उकाडा येतो कुठून?

हेल्मेटच्या बाहेरच्या कवचाच्या आत थर्माकोलसारखा एक जाड थर असतो. डोकं आपटलं की हा थर चेंगरतो आणि धक्का स्वतःवर घेतो. हेल्मेटचं खरं काम हाच थर करतो. पण थर्माकोलचा दुसरा गुणधर्म आपण सगळे जाणतो. आइस्क्रीमचा डबा त्यातच ठेवतात, कारण उष्णता त्यातून सहज जात नाही. म्हणजे बाहेरचं ऊन तो बऱ्यापैकी अडवतो, पण डोक्याची उष्णताही बाहेर जाऊ देत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट पाहा. डोक्याच्या वरचा हा थर दोन्ही हेल्मेटमध्ये सारखाच असतो. टाळूवर घाम येतो, केस ओले होतात, कपाळावरून थेंब डोळ्यात उतरतो, या सगळ्या तक्रारी ओपन फेसमध्येही जवळपास तशाच राहतात. ओपन फेसने जो आराम मिळतो तो मुख्यतः नाक, तोंड आणि गालांपुरता असतो. फुल फेसमध्ये आपला श्वास हनुवटीच्या पट्टीला आपटून परत चेहऱ्यावर येतो. श्वास गरम आणि दमट असतो. म्हणूनच 'गुदमरल्यासारखं होतं' असं आपण म्हणतो.

किनारपट्टीवर हे जास्त का जाणवतं? नागपूरच्या उन्हात घाम येतो आणि लगेच वाळतो. वाळताना तो त्वचेची उष्णता घेऊन जातो. पनवेलला हवेतच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. अशा हवेत त्वचेवरून वारा वाहता राहिला तरच थोडा थंडावा मिळतो. म्हणून दमट हवेत खरा प्रश्न 'हेल्मेट उघडं की बंद' हा नसून 'हेल्मेटमधून वारा वाहतो की नाही' हा आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

हनुवटीची पट्टी काय वाचवते?

आमच्या एका गणिताच्या सरांची गोष्ट सांगतो. सर नियमाचे पक्के. ओपन फेस हेल्मेट, आयएसआय मार्कचं, पट्टा रोज लावलेला. एका वळणावर डंपरमधून सांडलेली रेती होती. वेग तीसच्या आसपास. पुढचं चाक घसरलं आणि सर समोर तोंडावर पडले. हेल्मेटने आपलं काम चोख केलं. डोक्याला साधं टेंगूळही आलं नाही. पण खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला आणि पुढचे तीन दात गेले. डॉक्टरांनी वरचा आणि खालचा जबडा तारांनी एकमेकांना बांधला. काही आठवडे ताक, पेज, सूप, तेही स्ट्रॉने. आणि बोलणं बंद.

शिक्षकाचं बोलणं बंद होणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सर परत आले तेव्हा वर्गात 'त्रिज्या' हा शब्द त्यांना तीन वेळा उच्चारावा लागला. मुलं हसली नाहीत, उलट एकदम शांत झाली. त्या शांततेनंतर आमच्या स्टाफरूममधला वाद बराच बदलला.

तुम्ही म्हणाल, एका घटनेवरून काय ठरतं? बरोबर आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हर इथे डिटमार ओटे या संशोधकाने अपघातग्रस्त दुचाकीस्वारांच्या हेल्मेटवर मार कुठे कुठे बसला याची नोंद केली होती. त्यात सुमारे एक तृतीयांश मार हनुवटी आणि जबड्याच्या भागावर होता. म्हणजे ओपन फेसमध्ये जो भाग उघडा राहतो, नेमका तिथे. यात नवल नाही. माणूस पुढे जात असतो, पडतो तोही पुढे, आणि चेहरा पुढेच असतो.

"पण मी हळू चालवते हो, चाळीसच्या वर जातच नाही." हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे. यासाठी दहावीच्या विज्ञानातला गुरुत्वाकर्षणाचा पहिलाच धडा काढा. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण १.५ मीटर उंच असतं. गाडी उभी आहे असं धरू आणि डोकं नुसतं तिथून खाली पडलं असं मानू.

v² = 2gh
v² = 2 × 9.8 × 1.5 = 29.4
v ≈ 5.4 m/s

म्हणजे ताशी सुमारे १९ किलोमीटर. गाडीचा वेग शून्य असताना डोकं या वेगाने रस्त्यावर आदळू शकतं. खांदा किंवा हात आधी टेकला तर वेग कमी होतो, हे खरं. पण हळू चालवल्याने ही उंची काही कमी होत नाही. मुलांना फळ्यावर हे उदाहरण जरूर द्या. त्यातल्या निम्म्यांच्या घरी स्कूटर आहे.

पण दिसतं, ऐकू येतं का?

फुल फेसबद्दल दुसरी शंका असते ती नजर आणि आवाजाची. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात हॅरी हर्ट यांच्या गटाने सुमारे ९०० दुचाकी अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९८१ साली आला. हेल्मेटमुळे वाहतुकीचा आवाज धोका होण्याइतका दबतो किंवा अपघाताआधी दिसायला अडचण होते, असं त्यांना आढळलं नाही. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटने चेहऱ्याच्या जखमा कमी होतात, हेही त्यात नोंदलं आहे.

त्याच अहवालातली आणखी एक नोंद आपल्या विषयाला थेट लागू पडते. अपघात झालेल्या चालकांमध्ये हेल्मेटचा वापर सगळ्यात कमी होता तो गरम दिवशी आणि जवळच्या फेरीला. म्हणजे 'उकडतंय' आणि 'इथेच तर जायचंय' ही दोन कारणं फक्त आपलीच नाहीत. पण त्यातून हेही कळतं की जे हेल्मेट उकाड्यामुळे हँडलवर लटकत राहतं, ते कितीही चांगलं असलं तरी उपयोगाचं नाही. त्यामुळे फुल फेस घ्या एवढं सांगून भागत नाही. ते ऑक्टोबरच्या दुपारीही डोक्यावर कसं राहील, ते सांगायला हवं.

एका रोजच्या प्रवासाचा हिशेब

आमच्या एक बाई पनवेलहून जासईच्या पुढे स्कूटरने जातात. एका बाजूचं अंतर साधारण १८ किलोमीटर. कंटेनरची सततची ये-जा, रस्त्यावर धूळ, हवेत खाडीचा दमटपणा. त्यांनी ओपन फेसवरून फुल फेसवर यायचं ठरवलं तेव्हा आठवडाभर एक साधी नोंद ठेवली, की उकाडा नेमका कधी असह्य होतो?

सकाळी निघताना काही त्रास नव्हता. दुपारी परतताना गाडी चालत असताना 'सहन होतं' असंच लिहिलेलं. 'असह्य' हा शब्द आला तो तीनच ठिकाणी. एक, सिग्नलला थांबल्यावर. दोन, कंटेनरच्या रांगेमागे पायाने गाडी ढकलत पुढे सरकताना. आणि तीन, शाळेच्या आवारात हेल्मेट घालून मुलांच्या पालकांशी बोलत उभं राहिल्यावर.

म्हणजे उकाडा वाढत होता तो वारा थांबल्यावर. त्यावर त्यांनी तीन सवयी लावून घेतल्या. सिग्नलला पूर्ण थांबल्यावर काच पूर्ण वर करायची. त्याने श्वासाची गरम हवा लगेच बाहेर जाते आणि चेहऱ्याला ओपन फेससारखीच हवा मिळते. गाडी पुढे निघताना काच खाली, कारण धूळ आणि खडी उडते ती चालत्या गाडीतच. रांगेत सरकताना काच एक खाच उघडी ठेवायची. आणि आवारात बोलायचं असेल तर हेल्मेट काढूनच बोलायचं, निघताना परत घालायचं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण त्यांची तक्रार या तीन गोष्टींनी बरीच कमी झाली. पूर्ण गेली नाही. फुल फेस ओपन फेसपेक्षा थोडं गरम असतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न त्या 'थोडं'ची किंमत जबड्याएवढी आहे का, हा आहे.

एक प्रयोग विज्ञानाच्या शिक्षकांनी स्वतः करून पाहावा. डोक्याला घालायची पातळ सुती टोपी किचनमधल्या छोट्या वजनकाट्यावर तोला. एक दिवस ओपन फेस आणि एक दिवस फुल फेस घालून, त्याच वेळी, त्याच रस्त्याने जा आणि उतरल्यावर टोपी परत तोला. टाळूवरच्या घामाचा फरक आपल्याला वाटतो तेवढा असतो का, हे तुमचं तुम्हालाच कळेल. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, चार-पाच दिवस करा.

दुकानात काय तपासायचं?

उकाड्याचा निम्मा निकाल खरेदीच्या वेळीच लागतो. घाई करू नका, पंधरा मिनिटं द्या.

पहिलं, माप. कपड्याच्या टेपने भुवयांच्या साधारण एक बोट वर, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून माप घ्या. समजा ५८ सेंटिमीटर आलं, तर लेबलवर ५८० मिलिमीटर किंवा ५८ लिहिलेलं शोधा. एम, एल या अक्षरांवर जाऊ नका. एका कंपनीचं एम दुसऱ्या कंपनीचं एल निघतं. उकाड्याला घाबरून लोक मुद्दाम सैल हेल्मेट घेतात, 'जरा हवा खेळेल' म्हणून. ही सगळ्यात मोठी चूक. सैल हेल्मेटमध्ये हवा खेळत नाही, हेल्मेट खेळतं. पडल्यावर ते फिरतं किंवा निघून जातं. नव्या हेल्मेटने गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, कारण आतला स्पंज काही महिन्यांत बसतो. पण कपाळावर एका जागी टोचत असेल तर ते तुमच्या डोक्याच्या आकाराचं नाही, दुसरं पाहा. घालून दहा मिनिटं दुकानात फिरा. मग पट्टा लावा आणि मागून हेल्मेटची कड धरून पुढे ओढा. निघून हातात आलं तर घेऊ नका.

दुसरं, हवेची भोकं. बहुतेक फुल फेसवर कपाळापाशी, हनुवटीपाशी आणि मागे भोकं दिसतात. पण ती खरी आहेत का हे बघा. आतलं कापडी अस्तर काढायला सांगा. भोक थर्माकोलच्या थरातून आरपार आलेलं दिसलं पाहिजे आणि पुढच्या भोकापासून मागच्या भोकापर्यंत थरात पन्हळीसारखी वाट असली पाहिजे. हवा पुढून आत येईल, टाळूवरून जाईल आणि मागून बाहेर पडेल, तेव्हाच उपयोग. काही हेल्मेटमध्ये बाहेरून भोक आणि आत सपाट थर्माकोल. ती नुसती नक्षी. मोबाइलचा टॉर्च बाहेरून लावून आत उजेड दिसतो का तेही पाहता येतं. दमट हवेत ही एक तपासणी कंपनीच्या नावापेक्षा जास्त कामाची आहे.

तिसरं, हनुवटीची पट्टी. आतून अंगठ्याने दाबून बघा. स्पंजच्या मागे थर्माकोलचा थर लागतो की नुसतं पोकळ प्लॅस्टिक? पट्टीत थर नसेल तर ती धक्का शोषत नाही. फुल फेस घेण्याचं अर्धं कारणच तिथे संपतं.

चौथं, आयएसआय मार्क. भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर तो सक्तीचा आहे. मार्कवर IS 4151 हा क्रमांक आणि CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या BIS Care या अ‍ॅपमध्ये तो परवाना क्रमांक टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतं. चिकटवलेला मार्क खरा आहे असं गृहीत धरू नका.

जमलं तर रंग फिका घ्या. काळं हेल्मेट उन्हात उभं राहिल्यावर हाताला चटका देतं. चालत्या गाडीवर हा फरक फार मोठा नाही, पण फिका रंग मागच्या ट्रकवाल्याला लवकर दिसतो, हा वेगळा फायदा.

स्कार्फ, क्लचर आणि वास

आपल्याकडे हेल्मेटखाली स्कार्फ गुंडाळायची पद्धत आहे. ऊन, धूळ, केस, सगळ्यासाठी. पण जाड सुती ओढणी दोन वेढे देऊन, मागे गाठ मारून वर हेल्मेट घातलं तर दोन गोष्टी होतात. टाळूवर हवा पोहोचतच नाही, आणि गाठीमुळे हेल्मेट वर उचललं जातं. पुष्कळ बायकांना 'फुल फेस सहन होत नाही' असं वाटतं, तेव्हा खरा दोष स्कार्फचा असतो. फुल फेसमध्ये चेहरा काचेमागे असतो, म्हणून चेहऱ्यावरचा वेढा लागत नाही. डोक्याला एक पातळ टोपी पुरे. तिला स्कल कॅप म्हणतात, आणि शिवणाऱ्या बाईंकडून जुन्या टी-शर्टची शिवून घेतली तरी चालते. दोन ठेवा. एक जाताना, एक येताना. सकाळची ओली टोपी दुपारी परत घालणं, डोकं खाजण्याचं आणि वास येण्याचं हे मुख्य कारण.

केसांचा क्लचर किंवा जाड पिन हेल्मेटखाली ठेवू नका. पडल्यावर हेल्मेट आणि डोक्याच्या मध्ये तोच कठीण तुकडा असेल. मानेपाशी सैल वेणी घाला.

अस्तर निघणारं असेल तर उकाड्यात आठवड्यातून एकदा साध्या शाम्पूच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. रविवार सकाळ पुरते. अस्तर निघत नसेल तर ओल्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली उलटं ठेवा. हेल्मेट ओलं असताना स्कूटरच्या डिकीत बंद करू नका. आणि कधीही पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतं, हे मुलांना छोट्या तुकड्यावर दाखवलेलं आठवतच असेल. बाहेरून चकचकीत दिसेल, आत थर खाल्लेला असेल.

पावसातली काच

किनारपट्टीवर उकाड्याइतकाच दुसरा त्रास जून ते सप्टेंबरचा. काचेवर आतून धुकं धरतं आणि समोरचं दिसेनासं होतं. इथे ओपन फेसवाल्यांचं म्हणणं खरं आहे. श्वास बाहेर जातो म्हणून त्यांच्या काचेवर धुकं कमी धरतं. फुल फेसवाल्यांनी हनुवटीचं भोक पावसात बंद करू नये. ते काचेकडेच हवा सोडतं. हळू चालताना काच एक खाच उघडी ठेवावी. भांडी धुण्याच्या द्रवाचा एक थेंब काचेला आतून लावून कोरड्या मऊ फडक्याने पूर्ण पुसला की दिवसभर बरं चालतं. काही हेल्मेटमध्ये आत दुसरी पातळ काच बसवायची सोय असते, ती सगळ्यात चांगली. आणि काच नेहमी पारदर्शक. काळी काच पावसाळी संध्याकाळी अंधारच करते.

मग ओपन फेस कधी?

प्रामाणिकपणे सांगायचं तर काही जणांसाठी ओपन फेस हाच मार्ग उरतो. चष्मा आत बसतच नाही, बंद जागेची खरोखर भीती वाटते, दम्याचा त्रास आहे आणि डॉक्टरांशी बोलून झालं आहे, अशांनी ओपन फेस घ्यावं. कान आणि मागची बाजू पूर्ण झाकणारं, काचेचं, मापाचं, पट्टा लावलेलं. डोक्यावरचं ओपन फेस हे हँडलवरच्या फुल फेसपेक्षा केव्हाही चांगलं. पण हे शेवटचं उत्तर आहे, पहिलं नाही.

मधला पर्याय म्हणून हनुवटीची पट्टी वर उचलता येणारं हेल्मेट मिळतं. सिग्नलला सोयीचं. मात्र ते थोडं जड असतं, आणि पट्टी वर करून गाडी चालवली तर तुम्ही ओपन फेसच घातलेलं असतं. घ्यायचं असेल तर चालताना पट्टी खाली, हे आधी ठरवून घ्या.

पालकांसाठी एक गोष्ट. कायद्याने चार वर्षांवरच्या मागे बसणाऱ्या मुलालाही हेल्मेट लागतं. मुलाला मोठ्यांचं जुनं हेल्मेट देऊ नका, माप घेऊन त्याचं त्याला घ्या. मूल तक्रार करतं तेव्हा हेल्मेट फेकून देण्याऐवजी विचारा, "कुठे उकडतंय? डोक्यावर की तोंडाशी?" उत्तर 'डोक्यावर' असेल तर टोपी बदला, अस्तर धुवा. 'तोंडाशी' असेल तर थांबल्यावर काच वर करायला शिकवा. हेच दोन प्रश्न उद्या गाडीला किल्ली लावताना स्वतःलाही विचारा.

आमच्या गणिताच्या सरांनी परत आल्यावर फुल फेस घेतलं. गेल्या ऑक्टोबरमध्ये दुपारी आवारात त्यांना विचारलं, "सर, उकडत नाही?" ते म्हणाले, "उकडतं ना. पण उकडतंय असं बोलता तरी येतं."